अनुभव धागा: चौथी डुलकी कधी सुटली?

सायलीची आई: लेक साडेचार महिन्यांची. गेले दहा दिवस संध्याकाळची डुलकी म्हणजे कुस्ती झालीय. आधी पाचला मांडीवर घेतलं की पाच मिनिटांत झोपायची. आता पाऊण तास थोपटावं लागतं, मग पावणेसहाला झोपून साडेसहाला उठते आणि रात्री दहापर्यंत टक्क जागी. चारच्या तीन झोपा करायची वेळ हीच का? तुमच्याकडे नेमकं काय दिसलं आणि काय केलंत ते लिहा.

दोनपोरांची: आमच्याकडे धाकट्याचं अगदी असंच झालं. पण चौथी डुलकी नाकारणं एवढ्यावर मी गेले नाही. पहिल्या डुलकीलाही तो वीस-पंचवीस मिनिटं पाय झाडत पडायचा, रडत नव्हता, फक्त झोप आलेली नसायची. म्हणजे दीड तास जागं राहणं त्याला पुरत नव्हतं. त्यात रात्री तीनला उठून तासभर हुंकार भरत खेळणं सुरू झालं. आठवडाभर रोज हेच दिसलं तेव्हा हात घातला. एखाद-दोन दिवसांचं असेल तर सोडून द्या. लस, सर्दी, पाहुणे, कशानेही बिघडतं.

बाबा_पुणे: चार महिने पूर्ण झाले की सरळ चौथी बंद करायची. दिवसा दमवलं की रात्री छान झोपतं. आम्ही एका दिवसात केलं.

दोनपोरांची: @बाबा_पुणे रात्री छान झोपला का?

बाबा_पुणे: पहिले चार दिवस पहाटे पाचला उठत होता, खरं सांगायचं तर. आम्हाला वाटलं दात येतायत.

पाळणाघरवाली मावशी: दात नव्हे हो, अति दमलेलं पोर पहाटे लवकरच उठतं. वीसेक वर्षं बाळं सांभाळतेय. वयापेक्षा बाळ किती वेळ हसत जागं राहतं ते बघा. दोन तास, सव्वादोन तास नीट काढत असेल तर तीन डुलक्या जमतात. दीड तासातच कान ओढायला, डोळे चोळायला लागलं तर अजून चारच बऱ्या, मग पाच महिन्यांचं का असेना. आणि चौथ्या महिन्यात झोप तशीही मोडते, तीस-चाळीस मिनिटांत डोळे उघडतात. नुसत्या छोट्या डुलक्या बघून चौथी काढलीत तर दिवसाची झोप उगाच कमी होईल.

सायलीच्या आई, दिवसाच्या वेळा लिहा ना.

सायलीची आई: सातला उठते. ८:४० ते ९:२०. मग मालिश, अंघोळ, धुरी आणि ११ ते १२:३० गाढ. २:१५ ते ३. मग ती पाचची कुस्ती.

पाळणाघरवाली मावशी: अंघोळीनंतरची झोप सोन्यासारखी आहे, तिला हात लावू नका. तिच्या आजूबाजूचं सरकवा. पहिली डुलकी दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे न्या, नऊच्या आसपास येऊ द्या. अंघोळ आपोआप पुढे जाईल, मोठी झोप पावणेबाराची होईल. सव्वाला उठली तर तिसरी साडेतीनला, आणि सव्वाचारला उठली की पावणेसात-सातला सरळ रात्रीची झोप. तिसरी पाचपुढे जाऊ देऊ नका. ज्या दिवशी सगळ्या डुलक्या तोकड्या होतील त्या दिवशी साडेपाचला कडेवर वीस मिनिटांची चौथी द्या, काही बिघडत नाही. दोन आठवडे असा खो-खो चालतो.

न्यूजर्सीकर: आमचं बाळ पाच आठवडे आधी जन्मलं. मी जन्मतारीख धरून साडेचार महिन्यांत तीन डुलक्या केल्या आणि संध्याकाळी सहाला नुसता आकांत. डॉक्टरांनी अपेक्षित तारखेपासून वय मोजायला सांगितलं. चारवर परत आलो, महिनाभराने चौथी आपसूक गळाली.

गौरीहर: आमची तर दुपारची झोपच सोडतेय, काय करू? दीड वर्षाची आहे.

दोनपोरांची: @गौरीहर ते दोनाची एक होणं, तो वेगळा खेळ. वेगळा धागा काढा, येते मी तिथे.

आजीबाई_सातारा: आमच्या वेळी कुणी मोजल्या डुलक्या? झोळीत टाकलं की झोपायची.

पाळणाघरवाली मावशी: आजी, झोळीत डुलकी सोडायचं वय झालेलंच कळायचं नाही, हेलकाव्याने झोप न आलेलं पोरही झोपतं. म्हणून मी बघायचं असेल तेव्हा सपाट गादीवर, पाठीवर ठेवून बघते.

सायलीची आई: नऊ दिवस झाले. पहिली डुलकी नऊला स्थिरावली, कुस्ती संपली. पण सातला झोपवायचं तर तिचे बाबा साडेआठला घरी येतात आणि लेक झोपलेली. काल त्यांच्यासाठी मुद्दाम सहाला डुलकी दिली, साडेदहा वाजले झोपायला. कुणी यावर काही काढलंय का?

बाबा_पुणे: मी सकाळची मालिश माझ्याकडे घेतली. रात्रीचं अजून सुटलेलं नाही.