ब्लॉगस्पॉटवरच राहू की होस्टिंग घेऊन वर्डप्रेसवर जाऊ?

वरुडकडचा बागायतदार
संत्र्याच्या बागेवर मराठीत लिहितो. ब्लॉगस्पॉटवर, सगळं मोबाइलवरूनच. दीडेकशे लेख झालेत. आंबिया बहाराचा ताण तोडायच्या दिवसांत वाचक बरेच येतात. आता एक होस्टिंगवाला म्हणतो, 99 रुपये महिना, तीन वर्षांचे एकदम भरा, डोमेन फुकट, वर्डप्रेस बसवून देतो. घ्यावं का? खर्च, ताबा, डिझाइन आणि पुढची वाढ, सगळंच बघायचं आहे.

यवतमाळ, वर्डप्रेसवाला
घेऊन टाका भाऊ. ब्लॉगस्पॉट गूगलचं आहे, उद्या त्यांनी गुंडाळलं तर विचारणार कोणाला? गूगल प्लस 2019 मध्ये बंद केलंच ना. माझी साइट माझ्या होस्टिंगवर आहे. थीम पाहिजे ती लावतो, प्लगइन टाकतो, कोणाची परवानगी लागत नाही. आणि ब्लॉगस्पॉटचे लेख सर्चमध्ये वर येतच नाहीत.

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
शेवटचं वाक्य बरोबर नाही. ब्लॉगस्पॉटवरचे मराठी लेख सर्चमध्ये भरपूर दिसतात. ताब्याचा मुद्दा मात्र खरा आहे, पण ताबा होस्टिंगने येत नाही, डोमेनने येतो.

ब्लॉगस्पॉटला स्वतःचं डोमेन फुकट जोडता येतं. डोमेनचे वर्षाला हजाराच्या आतबाहेर लागतात, तेवढाच खर्च. डोमेनवाल्याच्या DNS पानावर `www` साठी `ghs.google.com` चा CNAME, म्हणजे एका नावावरून दुसऱ्याकडे नेणारी नोंद, टाकायची, ब्लॉगर, म्हणजे ब्लॉगस्पॉट चालवणारी गूगलची सेवा, पडताळणीसाठी आणखी एक CNAME देते तीही टाकायची, आणि ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये HTTPS चालू करायचं. जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो. लेख, फोटो, कशालाच हात लावावा लागत नाही.

आता 99 चा हिशेब करा. 36 महिन्यांचे 3,564, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4,206 रुपये आज खिशातून. नूतनीकरणाचा दर काय ते त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतं, ते वाचलं का?

वरुडकडचा बागायतदार
आत्ता पाहिलं. 299 महिना लिहिलंय. डोमेन पहिल्या वर्षीच फुकट.

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
मग चौथ्या वर्षापासून 12 महिन्यांचे 3,588, जीएसटी धरून 4,234. तीन वर्षांत जेवढं भरलं तेवढं पुढे दरवर्षी, शिवाय डोमेन वेगळं. ब्लॉगमधून तेवढं निघत असेल तर हरकत नाही. आणि फुकटचं डोमेन कोणाच्या खात्यात, कोणाच्या ईमेलवर नोंदणार, हे त्याला लेखी विचारा. त्याच्या खात्यात राहिलं तर उद्या त्याला सोडताना पत्ताही तिथेच अडकेल.

बुलढाणा, शाळेत शिकवतो
मी वर्डप्रेसवरच आहे, चारोळ्या लिहितो, एक रुपया लागत नाही. तुम्ही कशाला होस्टिंग-बिस्टिंगच्या भानगडीत पडता? वर्डप्रेस फुकट आहे.

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
सर, तुमचं वर्डप्रेस डॉट कॉम आहे. फुकटच्या प्लॅनवर पत्त्यात त्यांचं नाव राहतं आणि जाहिराती त्यांच्या लागतात. हे विचारताहेत ते सॉफ्टवेअर होस्टिंगवर स्वतः बसवायचं. नाव एक, व्यवहार वेगळा.

अकोट, बचत गट
मला अमरावतीवाल्या दादांचं अर्धंच पटतं. आमच्या गटाचं लोणचं, पापड, शेवया असं विकतो. ब्लॉगस्पॉटवर फॉर्मची लिंक दिली होती, पण शिल्लक माल किती, पिनकोडप्रमाणे पाठवणीचा खर्च किती, हे तिथे जमेना. वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन टाकलं आणि ते मार्गी लागलं. यांना उद्या रोपं नाहीतर संत्री विकायची असतील, तर आत्ताच गेलेलं बरं. जेवढे लेख वाढतील तेवढं हलवणं जड जाईल.

यवतमाळ, वर्डप्रेसवाला
हेच म्हणतो मी. वाढायचं असेल तर उशीर कशाला?

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
ताई, तुमच्या कामाला वर्डप्रेसच पाहिजे, वाद नाही. पण इथे लेख आहेत आणि माणूस मोबाइलवर आहे. यवतमाळवाले भाऊ, अपडेट कोण करतं हेही सांगा. प्लगइन जुनं राहिलं किंवा कोणी फुकटात दिलेली पेड थीम टाकली, की साइटमध्ये नको ते शिरतं. आपल्या मोबाइलवर सगळं ठीकच दिसतं. सर्चमध्ये `site:` आणि पुढे आपलं डोमेन टाकलं, की जपानी भाषेतली नाहीतर जुगाराची शेकडो पानं आपल्या नावावर सापडतात. महिन्यातून एकदा अपडेट, आणि बॅकअप होस्टिंगच्या बाहेर, एवढं होत असेल तरच तो ताबा कामाचा.

हलवणं जड जाईल ते लेखांच्या संख्येने नाही, पत्त्यांनी. बागायतदार भाऊ, तुमच्या एखाद्या लेखाची लिंक इथे टाका, डोमेन सोडून.

वरुडकडचा बागायतदार
`/2022/11/blog-post_17.html`
बहुतेक सगळ्या अशाच आहेत.

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
वाटलंच होतं. मथळा देवनागरीत असला की ब्लॉगर पत्ता असाच बनवतो. प्रकाशित करायच्या आधी `Custom permalink` मध्ये इंग्रजी अक्षरांत `ambia-bahar-tan` असं लिहायचं. वर्डप्रेसमध्ये उलटी अडचण आहे. तिथे देवनागरीचं प्रत्येक अक्षर पत्त्यात `%E0%A4%95` असं नऊ खुणांचं होतं, आणि जागा 200 खुणांचीच असते. म्हणजे 22 अक्षरं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘संत्र्याच्या’ या एका शब्दातच 12 संपतात. पुढचा मथळा तुटतो आणि व्हॉट्सअॅपवर ती टक्केवाली लांबलचक लिंक जाते. तिथेही पत्ता स्वतःच लिहा.

उद्या वर्डप्रेसवर जायचं ठरलं तर `Permalinks` मध्ये ही रचना ठेवा:

```
/%year%/%monthnum%/%postname%.html
```

ब्लॉगरच्या पत्त्याशी ती जुळते. आयात झाल्यावर पाचसहा जुन्या लिंक उघडून बघा. 404, म्हणजे पान सापडलं नाही, असं आलं तर त्या लेखाचा पत्ता हाताने जुळवावा लागेल. फोटोवर बोट दाबून त्याची लिंक पाहा. त्यात `blogger.googleusercontent.com` दिसलं तर फोटो अजून गूगलकडेच आहे, ब्लॉग पुसू नका.

अकोट, बचत गट
म्हणजे आज डोमेन जोडलं की उद्या होस्टिंग बदललं तरी जुन्या लिंक चालणार?

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
डोमेनवर पसरलेल्या लिंक चालतील. त्याआधीच्या ब्लॉगस्पॉटच्या लिंकवर मध्ये एक इशाऱ्याचं पान येऊ शकतं, की ही साइट आता ब्लॉगरवर नाही, पुढे जायचं का. काही वाचक तिथूनच परत फिरतील. म्हणून डोमेन जितकं लवकर तितकं चांगलं, होस्टिंग कधीही घेता येतं.

यवतमाळ, वर्डप्रेसवाला
लिंकचं पटलं. पण ब्लॉगस्पॉटच्या थीम बघवत नाहीत, आणि त्यांचा कोड मोबाइलवर सुधारणं कर्मकठीण. डिझाइनसाठी मी वर्डप्रेसच म्हणेन. गूगलने खातंच बंद केलं तर काय, याचंही उत्तर मिळालं नाही.

अमरावती, साइट सांभाळायचं काम करतो
डिझाइनचं मान्य. खात्याचं म्हणाल तर सेटिंगमधल्या `Back up content` ने लेखांची फाइल दर महिन्याला उतरवून ठेवायची. त्यात मजकूर येतो, फोटोंच्या फक्त लिंक येतात. फोटो वेगळे ठेवावे लागतात.

वरुडकडचा बागायतदार
होस्टिंगवाल्याला तूर्त नाही कळवतो. डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतो आणि ताण तोडायचे दिवस यायच्या आत जोडतो. फोटो मोबाइलमध्येच होते, बरेच पुसले गेलेत. ब्लॉगवरून सगळे एकदम उतरवायचा मार्ग आहे का कोणाकडे?

अकोट, बचत गट
गूगल टेकआउटमधून ब्लॉगर निवडून बघा. आणि रोपं विकायची ठरली तर मला मेसेज करा, तेव्हा परत वाद घालू.