ट्रेनमध्ये रेंज नसताना पोरांना एकत्र खेळता येईल असा गेम सुचवा (हॉटस्पॉट की ब्लूटूथ?)

सोनचाफा:
गणपतीला मांडवीने कुडाळला चाललोय, भाचे-पुतणे मिळून पाच जण, चार अँड्रॉइड आणि एक आयफोन. करबुड्याच्या बोगद्यात आणि त्याच्या आजूबाजूला रेंजची बोंबच असते. मागे घरी नेट गेलेलं तेव्हा हॉटस्पॉट लावून अमंग अस लावलं होतं, सगळे जोडलेले दिसत होते पण रूम काही कुणाला दिसेना. त्यापेक्षा ब्लूटूथवर चालणारं काही आहे का?

निवांत:
पाच जणांना हॉटस्पॉट दिला तर दीड जीबी दापोलीच्या आधीच संपेल ताई. अॅड ऑन पॅक मारून ठेवा.

चिंट्या_डोंबिवली:
ब्लूटूथच बरं, बॅटरी कमी खातं. सगळे फोन पेअर करा आणि लुडो किंगमध्ये रूम कोड देऊन खेळा, झालं काम.

खटपट्या:
निवांत, इथे नेट वाटायचंच नाहीये, हॉटस्पॉटवाल्या फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवला तरी बाकीचे फोन त्याला जोडले जातात, एक एमबी पण जात नाही. (आणि मांडवी दापोलीला जात नाही हो, खेड म्हणायचंय का?)

चिंट्या, बॅटरीचं बरोबर आहे, पण नुसतं पेअर करून काही होत नाही, गेम बनवणाऱ्याने ब्लूटूथची सोय दिली असेल तरच चालतं आणि असे गेम थोडेच आहेत. त्यात अँड्रॉइड-आयफोन एकत्र म्हटल्यावर तर वाय-फायच धरा. आणि लुडोचा रूम कोड नेटवरून चालतो, बोगद्यात बंद. एकाच फोनवर आळीपाळीने खेळा, ते चालेल.

सोनचाफा, तुमचा गेम बरोबर होता, मांडणी चुकली असणार. रूम उघडणारा फोन त्या नेटवर्कवर हाकारा घालत असतो, 'मी इथे आहे', आणि तो ज्यांना ऐकू जातो त्यांच्याच यादीत रूम दिसते. हॉटस्पॉट ज्याच्यावर चालू आहे त्यानेच रूम उघडली तर हा हाकारा बऱ्याचदा भलतीकडेच जातो. म्हणून एकाने फक्त हॉटस्पॉट द्यायचा आणि दुसऱ्याने Local मध्ये जाऊन रूम उघडायची. पहिला पण खेळू शकतो, फक्त रूम त्याने उघडायची नाही.

दुसरं म्हणजे जोडलेल्या फोनला 'या वाय-फायला इंटरनेट नाही' असं दिसलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, वर वाय-फायचं चिन्ह तसंच. म्हणून सगळ्यांचा डेटा बंद, व्हीपीएन असेल तर ते पण बंद. हॉटस्पॉटचं नावच एखाद्या जुन्या फोनला दिसत नसेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर आहे, २.४ वर आणा. हॉटस्पॉट अँड्रॉइडवरच लावा, आयफोनचा डेटा बंद केला की त्याचा हॉटस्पॉट चालत नाही.

सोनचाफा:
खटपट्याभाऊ, आत्ताच घरी लावून बघितलं! थोरल्याचा हॉटस्पॉट, धाकटीने रूम उघडली, चारही अँड्रॉइडवर लगेच आली. आयफोनवाला मात्र हात चोळत बसलाय.

खटपट्या:
त्याने पहिल्यांदा गेम उघडला तेव्हा परवानगीच्या खिडकीत 'नको' दाबलं असणार. Settings मध्ये Privacy & Security, त्यात Local Network, तिथे गेमच्या नावासमोरचं बटण चालू करा आणि गेम पूर्ण बंद करून परत उघडा.

मालवणी_मसाला:
आमच्याकडे बॉम्बस्क्वॉड चालतो, टीव्हीवर गेम आणि फोनवर BombSquad Remote टाकून फोनचाच रिमोट करायचा. हॉस्टेलच्या वाय-फायवर मात्र एकाला दुसऱ्याचा फोन दिसत नाही, सगळ्या परवानग्या दिल्यात, काय करावं?

खटपट्या:
हॉस्टेल-ऑफिसच्या वाय-फायवर बरेचदा मुद्दामच एका फोनला दुसऱ्याशी बोलू देत नाहीत. तुमच्या हाताबाहेरचं आहे, स्वतःचा हॉटस्पॉट लावा.

निवांत:
खेडच म्हणायचं होतं. मिनी मिलिशिया पण चालेल ना हो पोरांना?

खटपट्या:
चालेल की, त्यात पण लोकल वाय-फाय आहे. पाच जण असतील तर मला तोच आवडतो, अमंग अस पाच जणांत लगेच संपतो, एक मेला दोन मेले की डाव खलास. फक्त कुठलाही गेम असो, निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचे अपडेट करून एअरप्लेन मोडमध्ये नुसता वाय-फाय चालू करून बघा उघडतोय का, काही गेम उघडतानाच नेट मागतात.

सोनचाफा:
परवानगी दिल्यावर आयफोनला रूम दिसली, पण आत जाताना व्हर्जन वेगळं आहे म्हणून बाहेर काढतोय. दोन्हीकडे स्टोअरमध्ये अपडेट दाखवत नाहीये.

चिंट्या_डोंबिवली:
कधीकधी एका स्टोअरवर अपडेट आधी येतं आणि दुसऱ्यावर नंतर. तोवर आयफोनवाल्याला पत्ते द्या हातात.

सोनचाफा:
तो चौदा वर्षांचा आहे, तुम्हीच सांगा त्याला.