मदत हवी आहे: झोपल्यावर रक्तदाब जास्त, उभे राहिल्यावर कमी

माझ्या वडिलांना 22 वर्षांपासून मधुमेह आहे. आडवे असताना त्यांचा रक्तदाब 178/94 असतो आणि उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला 108/64 वर येतो, मात्र नाडी 80 वरून जेमतेम 84 होते. दाब एवढा घसरूनही नाडी वाढत नाही, म्हणून रक्तवाहिन्या आपोआप आवळणारे स्वायत्त मज्जातंतूच मधुमेहाने निकामी झाले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले.

दिवसा तोल जाऊ नये म्हणून रक्तदाब वाढवणारे मिडोड्रिन हे औषध सुरू आहे. त्याने आडवे असतानाचा दाब आणखी चढतो, त्यामुळे शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी देतो आणि दुपारी त्यांना आडवे होऊ देत नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू ठोकळ्यांनी नऊ इंच उचलली आहे (नुसत्या उशा रचल्याने केवळ मान वाकते). तरीही रात्रीच्या चढलेल्या दाबामुळे मूत्रपिंडे मीठ-पाणी बाहेर टाकतात, ते चारदा लघवीला उठतात आणि पहाटे सर्वाधिक चक्कर येते.

आता डॉक्टर झोपताना रक्तदाब उतरवणारी, कमी काळ टिकणारी लोसार्टनची गोळी सुचवत आहेत. ती घेणाऱ्या कोणाला रात्री उठताना पडण्याचा त्रास झाला का, आणि उभे राहताना दाब घसरू नये म्हणून पोटाला आवळून बांधायच्या पट्ट्याने सकाळी कितपत फरक पडला, हे कृपया सांगावे.