तिरप्या कडेचा चार्ट: जेपीईजीचे ३२८० की रॉचे २१६०?

मोसंबी_४४: लेन्स किती बारीक तपशील टिपते ते मोजायला घरच्या प्रिंटरवर तिरप्या कडेचा चार्ट छापला, २ मीटरवर लावला. २४ मेगापिक्सेल एपीएस-सी बॉडी, ५० एमएम, एफ ५.६. फोटोच्या उंचीत जेपीईजीवर ३२८० ओळी, रॉवर फक्त २१६०. म्हणजे लेन्सची खरी ताकद जेपीईजीच दाखवते. रॉवाल्यांनी उगाच डोकं खाऊ नये.

जुना_डार्करूमवाला: हे वाचून राहवलं नाही. ३२८० हा लेन्सचा आकडा नाहीच, तो कॅमेऱ्यातल्या शार्पनिंगचा आहे. तुझा जेपीईजी ४०० टक्के मोठा कर आणि कडेजवळ बघ. काळ्या बाजूला आणखी काळी रेघ दिसेल, पांढऱ्या बाजूला जास्तीची पांढरी. मग तपशील बारीक होत जाताना कॉन्ट्रास्ट किती उरतो, त्याचा आलेख बघ. तो सुरुवातीला १ च्या वर चढून मग खाली येत असेल. सावकाश बदलणाऱ्या तपशिलात लेन्स मुळातल्यापेक्षा जास्त कॉन्ट्रास्ट देऊच शकत नाही, त्यामुळे तो फुगवटा शार्पनिंगचाच. आपण मोजतो ती जागा, जिथे कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येतो. फुगवट्याने तीच जागा पुढे सरकते. रॉचं ०.२७ सायकल प्रति पिक्सेल, एका सायकलमध्ये काळी आणि पांढरी अशा दोन ओळी म्हणून गुणिले २, गुणिले ४००० पिक्सेल उंची, हे झाले २१६०. जेपीईजीचं तेच ०.४१. लेन्स एकच, काच एकच. रॉ मोजताना फक्त हिरवे पिक्सेल घे, म्हणजे रंग जुळवण्याची प्रक्रियाही मध्ये येत नाही.

सदर_बाजार: भाऊ, एवढ्या भानगडी कायले? चार्ट ४५ अंशात तिरपा लावा, तिरपा तर तिरपाच असते ना!

जुना_डार्करूमवाला: नसते. ४५ अंशात प्रत्येक ओळीला कड बरोबर एक पिक्सेल सरकते, म्हणजे दर ओळीत ती पिक्सेलच्या त्याच ठिकाणाहून जाते. नवीन काहीच कळत नाही. ५ अंशांवर कड एक पिक्सेल सरकायला सुमारे साडेअकरा ओळी लागतात, आणि प्रत्येक ओळीत पिक्सेल जराशा वेगळ्या जागी कापला जातो. ते सगळे तुकडे एकत्र लावले की पिक्सेलपेक्षा बारीक कड उभी राहते. पद्धतीचा सगळा जीव त्यात आहे.

सदर_बाजार: बरं, कोन तुमचा बरोबर. पण शार्पनिंग तर सगळेच करतात. गिऱ्हाइकाला रॉ थोडीच देता?

जुना_डार्करूमवाला: फोटो देताना कर की, कोण नाही म्हणतंय. मोजताना नको.

पेंच_पहाट: मुद्दा लेन्सचाच आहे म्हणून विचारतो. मे महिन्यात ६०० एमएमवर माझे सगळे फोटो मऊ येतात. लेन्स दुकानात नेली तर "चार्ट दाखवा" म्हणाले. गच्चीवर दुपारी दोनला ३० मीटरवर चार्ट लावला, आकडे रद्दी आले. तेच घेऊन गेलो तर बदलून द्यायला साफ नकार. मला तर हा चार्टच थोतांड वाटतो.

त्रिमूर्तीनगर: नागपुरात मे महिन्यात, दुपारी दोनला, गच्चीवर! तापलेल्या कोब्यावरची हवा उकळत असते हो. चार्टचा काय दोष?

पेंच_पहाट: मग वाघ काय एसी हॉलमध्ये बसतो? मी जिथे फोटो काढतो तिथेच मोजणार. तुम्ही घरात बसून शिकवू नका.

त्रिमूर्तीनगर: मी पण पेंचलाच जाते, २०११ पासून. माझ्याही लेन्सला मी वर्षभर शिव्या दिल्या. मग एकदा पहाटे साडेपाचला त्याच गच्चीवर, त्याच अंतरावरून दहा फ्रेम घेतल्या. दहाही आकडे जवळजवळ सारखे. दुपारी तेच केलं तर प्रत्येक फ्रेमचा आकडा वेगळा, आणि कड सरळ नव्हे, नागमोडी. लेन्स वाईट असेल तर ती दर वेळी तेवढीच वाईट असते. हवा असेल तर आकडा नाचतो.

पेंच_पहाट: …पहाटे करून बघतो. पण दुकानदाराने हे सांगायला हवं होतं, यावर मी ठाम आहे.

मोसंबी_४४: माझ्या प्रश्नावर या. ती काळी रेघ दिसली, मान्य. पण मग रॉचे २१६० तरी खरे कशावरून?

जुना_डार्करूमवाला: आत्ता कुठे बरोबर विचारलंस. ५० एमएमवर २ मीटरला तुझा एक पिक्सेल कागदावर साधारण ०.१५ मिलिमीटर व्यापतो. घरच्या प्रिंटरची शाई साध्या कागदात तेवढी सहज पसरते. म्हणजे लेन्ससोबत तू कागदही मोजतोयस. चार्ट ४ मीटरवर ने, पिक्सेल ०.३ मिलिमीटरचा होईल. आकडा वाढला तर दोषी कागद.

मोसंबी_४४: केलं. ०.२७ चे ०.३१ झाले, म्हणजे २४८०. जेपीईजीबद्दल माझं चुकलं. पण तुमचा रॉचा आकडाही काही ब्रह्मवाक्य निघाला नाही.

सदर_बाजार: फोकस दोन्ही वेळा नव्यानं केला ना? मंग वाढ कागदाची का फोकसची, हे कसं सांगता?

जुना_डार्करूमवाला: हे मात्र तू बरोबर पकडलंस. दोन्ही अंतरांवर प्रत्येकी दहा वेळा फोकस मोडून पुन्हा कर आणि सर्वांत चांगली फ्रेम घे. साध्या कागदाऐवजी कटरचं नवं पातं मागून उजेड देऊन लाव, म्हणजे शाईचा प्रश्नच उरत नाही.

मोसंबी_४४: पातं आहे. रविवारी टाकतो.