60 आणि 80 मधे असा कितीसा फरक पडतो?

निपाणीचा_जावई: बेळगाव-निपाणी हायवेला मी 80 नं जातो, सासरे शेजारी बसले की सारखं "60, 60". मला एवढंच सांगा, गाडीला एबीएस हाय, टायर नवीन हायत, ब्रेक दाबला की दोन्ही स्पीडला गाडी थांबतेच की, मग 20 नं कमी पळवून काय मिळतंय? आकड्यात पटवा.

गियरमास्तर (ड्रायव्हिंग स्कूल): घ्या आकडे. दिवसाची वेळ, कोरडा रोड, संकेश्वरच्या अलीकडं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन लेनमधेच उभी, आणि ती तुम्हाला दिसली तेव्हा मधे 37 मीटर उरलेत. बघून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत 1 सेकंद धरू, तेवढ्यात 60 वाला 17 मीटर पुढं गेला. ब्रेक कचकन दाबला की चांगल्या गाडीचा वेग दर सेकंदाला 25 च्या आसपास उतरतो, म्हणून अडीच सेकंदांत, अजून 20 मीटर जाऊन ती उभी राहते. ट्रॉलीला नाक लागता लागता वाचला.

आता तुम्ही. पहिल्याच सेकंदात 22 मीटर गेले, राहिले 15, आणि 80 वरून थांबायला ब्रेकला हवेत 35. ट्रॉलीवर आदळताना काटा कितीवर असेल सांगा बघू. क्लासमधे विचारलं की सगळे 20 म्हणतात. तो असतो 60 वर. एक जण जिथं थांबला तिथंच दुसरा 60 नं घुसतोय. कारण सुरुवातीचे मीटर झपकन सरतात, तेवढ्या वेळात ब्रेकला वेग उतरवायला सवडच मिळत नाही, खरा वेग उतरतो तो शेवटच्या मीटरांत, आणि तेच तुमच्याकडं नाहीत. एबीएसचं म्हणाल तर कोरड्या डांबरावर त्यानं अंतर फारसं कमी होत नाही, चाक जाम न होता स्टेअरिंग हातात राहतं हा त्याचा फायदा, खडीवर तर कधी कधी जास्तच लांब जाते गाडी.

थ्रॉटल_खानापूर: मास्तर, 1 सेकंद लई झाला. मोबाईलवरच्या टेस्टमधे माझा पाव सेकंद येतोय. आणि दुसरं, पुढची गाडी काय भिंत हाय काय? ती पण ब्रेक मारून थांबताना पुढं सरकतेच की, मग 35 मीटर कशाला मोजायचे, 10 मीटर मागं राहिलं तरी पुरतंय.

गियरमास्तर: दुसरं अर्धं बरोबर. दोघांचे ब्रेक सारखे असतील तर ब्रेकचं अंतर वजा होतं, पण तुमच्या त्या 1 सेकंदाचे 22 मीटर उरतातच, 10 मधे कसे बसवणार? आणि उभ्या ट्रॉलीला हा हिशोब लागूच होत नाही. टेस्टचं म्हणाल तर तिथं बोट बटणावर ठेवून, आता लाइट लागणार म्हणून तुम्ही टपून बसलेले असता. रोडवर पाय अ‍ॅक्सिलेटरवर, डोळे आरशात, डोकं घरच्या भांडणात.

वडापवाला_मामा: आमच्या गाडीत माणसं कोंबली की ब्रेक उशिरा लागतोय, म्हणजे वजनावरच हाय सगळं. परवा चोर्ला घाट उतरताना तर पॅडल पार खाली गेलं, वास पण येत होता करपल्यासारखा.

गियरमास्तर: मामा, ते वेगळं दुखणं. टायरची पकड पण वजनाबरोबर वाढते, म्हणून ब्रेक तेवढे दमदार असतील तर वजनानं अंतर फार बदलत नाही. पण तुमचे ब्रेक तेवढ्या माणसांसाठी नाहीतच, आणि घाटात सारखे दाबून ते तापलेत. उतरताना खालच्या गियरमधे या, आणि आधी ब्रेक ऑइल बघून घ्या.

उजेडात_या (चिकोडी): तुम्ही सगळे दिवसाचं बोलताय. सीझनला ट्रॉल्या रात्रीच जास्त, मागं ना लाल लाइट ना रिफ्लेक्टर, आणि डिपरवर आपल्याला अंधारातलं काही दिसलं तर 40-50 मीटरवर. रात्री ओळखायला पण वेळ लागतो, दीड सेकंद धरा, मग 60 ला 25 आणि 20 मिळून 45 मीटर, कसंबसं जमतंय. 80 ला 33 आणि 35, म्हणजे 68. जी वस्तू 50 वर दिसणार तिच्यासाठी 68 मीटर कुठून आणणार? पावसात तर 60 पण जास्त होतं.

थ्रॉटल_खानापूर: मग ट्रॉलीवाल्यांना रिफ्लेक्टर लावायला सांगा की ताई, आम्ही का हळू जायचं?

उजेडात_या: सांगा की. लावेपर्यंत 80 नं जाणार काय?

निपाणीचा_जावई: बरं, आदळताना 60 हे मला माहीत नव्हतं, दिवसाचं पटलं. पण रात्री 60 नं गेलो की मागून भरलेला ट्रक बंपरला चिकटून हॉर्न मारतोय, त्याला तर थांबायला माझ्यापेक्षा जास्त जागा पाहिजे. त्याचं काय करू?

गियरमास्तर: डावीकडं घ्या, त्याला जाऊ द्या.

निपाणीचा_जावई: डावीकडंच तर ट्रॉल्या असतात मास्तर.