फळ्यावरचं ‘हे’ म्हणजे नेमकं काय? खताच्या लेक्चरच्या सारांशावरून

काटोलचा पाहुणा:
खताच्या हिशोबाच्या लेक्चरच्या रेकॉर्डिंगचं टायपिंग आठ पानांचं आलंय. निम्मं ‘बरं का’, ‘नाही का’, ‘काय म्हणतात त्याला’ आणि सरांच्या साळ्याची गोष्ट. मी फाइंड-रिप्लेस मारून ते साफ केलं, गोष्टी कापल्या, ‘हे’ आणि ‘ते’च्या जागी पुस्तकातले आकडे भरले. अर्ध्या पानात काम झालं. सगळ्यांनी असंच करावं, एवढं रडगाणं कशाला?

फळा-खडू:
तुमचं अर्धं पान मी वाचलं आणि मूळ आठ पानंही दोनदा वाचली. राग आला म्हणूनच लांब लिहितेय. ते अर्धं पान कोणीतरी शेतात घेऊन जाणार आहे.

आधी तुमची फाइंड-रिप्लेस पाहू. टायपिंगमध्ये विरामचिन्हं नाहीत. त्यात एक ओळ आहे: ‘मुळाशी टाकायचं नाही का तर युरिया मूळ जाळतो’. सर म्हणाले, टाकायचं नाही. का, तर मूळ जळतं. तुम्ही सगळीकडचं ‘नाही का’ पुसलंत आणि सारांशात आलं, ‘युरिया मुळाशी टाकायचा’. भरताड शब्द काढायचे तर एकेक वाक्य ऐकून काढावे लागतात, कारण तोच शब्द एका ओळीत सवयीचा असतो आणि पुढच्या ओळीत नकार असतो.

आता हिशोब. सरांचं बोलणं जसंच्या तसं देते:

‘साठ तीस तीस धरू. तीस भागिले सोळा… थांबा थांबा, सुपर नाही, डीएपी घेतलं नं आपण, पुसतो हे. तीस भागिले हे, आले पासष्ट. आता याच्यात तेही आहे, किती, तर अकरा पॉइंट सात. हे याच्यातून काढा. राहिले अठ्ठेचाळीस. भागिले तेच, एकशे पाच. एकरी करा, बेचाळीस.’

साठ तीस तीस म्हणजे हेक्टरी किलोत नत्र, स्फुरद, पालाश. फळा दिसत नाही, पण उत्तरं तोंडी आलीत, म्हणून उलट्या बाजूने जाता येतं. 30 ला कशाने भागलं तर 65 येतं? 0.46 ने. म्हणजे ‘तीस भागिले हे’ मधलं ‘हे’ डीएपीतलं 46 टक्के स्फुरद. ‘याच्यात तेही आहे’ म्हणजे डीएपीतलं नत्र. डीएपीत ते 18 टक्के असतं आणि 65 चे 18 टक्के 11.7, बरोबर जुळतं. ‘हे याच्यातून काढा’ म्हणजे 60 मधून 11.7 वजा, राहिले 48.3. शेवटचं ‘तेच’ सगळ्यात फसवं. आकडा तोच 46 आहे, पण आता तो युरियातल्या नत्राचा आहे. 48.3 भागिले 0.46, आले 105. हेक्टरचं एकरावर आणायला अडीचने भागा, 42 किलो.

तुमच्या पानात काय आहे? पुस्तकातून 60 भागिले 0.46, म्हणजे 130 किलो हेक्टरी, एकरी 52. डीएपीतलं नत्र वजा करायची पायरीच गेली. वर सरांनी पुसलेला सोळाही तुम्ही ठेवलात, म्हणून सुपर फॉस्फेट 187 किलो आणि शिवाय डीएपी 65 किलो. एकाच पिकाला स्फुरद दोनदा.

आणि ती साळ्याची गोष्ट. सर म्हणतात, साळ्याने एकराला एक पिशवी युरिया आणली, शेवटच्या हप्त्यानंतर तीनेक किलो कोठ्यात राहिला, ओल लागून त्याचं ढेकूळ झालं. युरियाची पिशवी 2018 पासून 45 किलोची आहे. 45 मधून 42 गेले, राहिले 3. फळ्यावरच्या आकड्याचा एवढा चांगला पडताळा आठ पानांत दुसरीकडे कुठेच नाही. तुमचे 52 खरे असते तर साळ्याला पिशवी कमी पडली असती. सारांशात गोष्ट लिहू नका हवं तर, पण तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कापू नका.

जिथे आकडा तोंडी आलेलाच नाही तिथे हे चालत नाही. 31व्या मिनिटाला सर आकृती काढून म्हणतात, ‘इथे नाही, इथे टाका, एवढ्यावर’. तिथे मी चौकोनी कंसात ‘फळ्यावर आकृती, अंतर कळत नाही’ असं लिहून मिनिट टाकलं. पुस्तकातून आकडा उचलून सरांच्या तोंडी घातला नाही.

काटोलचा पाहुणा:
‘नाही का’ची चूक मान्य. सोळाचीही मान्य. पण ताई, आठ पानं दोनदा वाचायला वेळ कोणाकडे आहे? आमच्याकडे संध्याकाळी दोन तास लाईट असते. परीक्षेला 52 लिहिलं की 42, सूत्र बरोबर असलं तर मार्क मिळतात.

दर्यापूरचा पोट्टा:
मार्क मिळतीन, पण माह्या बापानं तुमचं पान वाचून खत आणलं असतं तं? दहा किलो युरिया एकरी जास्त. पऱ्हाटी नुसती हिरवीगार वाढते अन् मावा-तुडतुडे आवतन दिल्यासारखे येतात. तुमी कधी पिशवी उचलली का?

काटोलचा पाहुणा:
उचलली आहे. वडिलांची सात एकर आहे. वैयक्तिक बोलू नका.

मोबाईलवाले काका:
मुळात टायपिंगची झंझटच नको. फळ्याचा फोटो काढा. एक फोटो आणि प्रश्न संपला. आमच्या वेळी फोटो नव्हते म्हणून आम्ही वहीत उतरवत होतो, आता पोरांना सगळं हातात असून आळस.

फळा-खडू:
काका, फोटो हवाच, तो मुद्दा बरोबर आहे. पण सरांनी त्या तासात फळा चार वेळा पुसला. शेवटच्या फोटोत 105 आणि 42 दिसेल, 11.7 कुठून आलं ते दिसणार नाही. पुसायच्या आधी दरवेळी फोटो काढायचा आणि तेव्हाच हळू आवाजात ‘फोटो एक, फोटो दोन’ असं रेकॉर्डिंगमध्ये बोलायचं. मग टायपिंगमध्ये जागा सापडते.

एकटी अंबाडी:
माझी कपाशी पिवळी पडून राहिली, खालची पानं आधी. 42 किलोतला किती आता टाकू?

फळा-खडू:
दादा, हा सारांशाचा धागा आहे, त्या 42 वर तुमचं शेत ठरवू नका. 60:30:30 हे सरांनी फळ्यावर उदाहरणाला धरलेलं. खालची पानं आधी पिवळी पडणं नत्राच्या कमतरतेसारखं दिसतं, पण रानात पाणी साचलं तरी तसंच होतं. माती परीक्षणाचा कागद घेऊन कृषी सहायकाला रान दाखवा.

दर्यापूरचा पोट्टा:
अजून एक राह्यलंच. पाहुण्याच्या पानात शेवटची ओळ पाहा, ‘खत दोन तासांच्या अंतराने द्यावे’. दोन तासांनी? सर म्हणाले, ‘दोन तासांच्या मधात’. तास म्हणजे पऱ्हाटीची ओळ, घड्याळाचा तास नोहे! आठ पानं शुद्ध करायच्या नादात सरांची बोली मारून टाकली.

काटोलचा पाहुणा:
सारांश प्रमाण मराठीतच हवा. उद्या तो पुण्याचा परीक्षक वाचेल. ‘मधात’, ‘काहून’, ‘पऱ्हाटी’ असं लिहून कसं चालेल?

दर्यापूरचा पोट्टा:
परीक्षकासाठी लेक्चर नव्हतं. समोर बसलेल्यांसाठी व्हतं. पऱ्हाटीले कपाशी लिहा, मले चालते. पण कळलं नाही तर बदलू नका, हे तं पाळसान? मी पाचवीत असताना निबंधात ‘डवरा’ लिहिला व्हता, बाईनं लाल पेनानं कापून ‘कोळपे’ केलं अन् एक मार्क कापला. आजही आठवते. आमच्या घरी डवराच हाये, आजोबाचा, आताही कोठ्यात टांगला हाये.

वर्धाकाठ:
पोट्ट्याशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट सांगते. माझं माहेर सातारा. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ‘तास’ मलाही घड्याळाचाच वाटला असता. म्हणजे पाहुण्याने मुद्दाम केलं नाही. पण ‘मधात’ हा शब्द अडला तेव्हा थांबून विचारायला हवं होतं. घड्याळाच्या तासांच्या मध्ये काय असतं?

काटोलचा पाहुणा:
मी इकडचाच आहे, नागपुरात शिकलो एवढंच. बरं, तासाची चूक झाली. पण प्रत्येक बोली शब्द जसाच्या तसा ठेवला तर तो सारांश राहत नाही, ती नक्कल होते. यावर मी ठाम आहे.

दर्यापूरचा पोट्टा:
तं राहा ठाम. माहा बाप ते वाचू शकला पाह्यजे, एवढंच माहं.

फळा-खडू:
दोघांत मी पडत नाही, माझंही ठरलेलं नाही. सध्या मी वाक्य प्रमाण मराठीत लिहिते आणि अवजार, पीक, रानातली जागा यांचे शब्द सरांचेच ठेवते. ‘तास’ बदलायचा असेल तर ‘ओळ’ होईल, पण रेकॉर्डिंग ऐकल्यावर.

पाहुण्यांच्या वेळेच्या प्रश्नाचं: दुसऱ्या वाचनात सगळं वाचत नाही. पहिल्या वाचनात ‘हे, ते, इथे, तेच, वरचं’ आणि ‘थांबा, पुसतो, चुकलं’ एवढ्यांना खुणा करते. या आठ पानांत त्या खुणा साठच्या आत होत्या. दुसऱ्यांदा फक्त त्याच जागा सोडवते. ‘थांबा’ दिसलं की त्याच्या आधीचा आकडा मेला समजायचा आणि तो कुठून जिवंत झाला होता तिथवर मागे जायचं.

काटोलचा पाहुणा:
साठ खुणा जमतील. पान मी काढून टाकलं, दुरुस्त करून टाकतो. गोष्ट मात्र एका ओळीतच घेणार.

फळा-खडू:
एक ओळ पुरे, 3 किलो उरला एवढं असलं की झालं.

आता 31वं मिनिट. त्या दिवशी वर्गात कोणी होतं का? ‘एवढ्यावर’ म्हणजे झाडापासून किती?

वर्धाकाठ:
मी होते. वहीत झाड काढलंय, बाजूला ठिपका आणि ‘चार बोटं’.

दर्यापूरचा पोट्टा:
माह्या वहीत एक वीत हाये. अन् सरांनी हात पसरूनच दाखवलं व्हतं, मले पक्कं आठवते.

वर्धाकाठ:
हात पसरला तो ओळीतलं अंतर सांगताना. खताचं नंतर.

फळा-खडू:
मग कंस तसाच राहू दे. त्यात ‘एका वहीत चार बोटं, दुसरीत वीत’ असं जोडते. शुक्रवारी सरांचा तास आहे, ज्याला जमेल त्याने दोन्ही वह्या घेऊन जा.