मदत हवी आहे: बटण न दाबता पंपाचा टायमर आपोआप सुरू होतो

शिवारातला_पोर: बाबांच्या विहिरीवरच्या ५ एचपी मोटरसाठी आर्डुइनो उनोवर ४५ मिनिटांचा टायमर केलाय. रिले स्टार्टरला जोडलाय. बटणाचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं पिन २ ला. बटण बांधावर आहे, वायर साधारण ४० फूट. घरी टेबलावर वीतभर वायरवर सगळं चाललं. पंपघरात मात्र ४५ मिनिटं संपली तरी टायमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. वायरजवळ हात नेला तरी तेच. गंमत म्हणजे पिनला मीटर लावला की शून्य दाखवतो आणि तेवढा वेळ शहाण्यासारखं वागतं. बोर्ड खराब आहे का?

रिले_राजा: बटण बाउन्स होतंय. `delay(50)` टाक.

जुना_वायरमन: बाउन्स बटण दाबल्यावर होतो, इथे कुणी दाबतच नाहीये. बोर्डही ठीक आहे. बटण सुटलेलं असताना पिन २ कशालाच जोडलेली नसते, अधांतरी असते. तिला हलवायला नखभर करंट पुरतो आणि मोटरच्या केबलशेजारून गेलेली ४० फूट वायर ५० हर्ट्झ आयती उचलते. मीटरचा रोध १० मेगाओहमच्या आसपास असतो. तो लावलास की पिनला खाली जायला वाट मिळते, म्हणून दुखणं लपतं.

बटण ५ व्होल्टवरून काढ, पिन आणि ग्राउंडमध्ये लाव.

```
pinMode(2, INPUT_PULLUP);
bool dabla = (digitalRead(2) == LOW);
```

आता दाबलं की LOW येईल, अट उलटी करायला विसरू नकोस. आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा असतो, टेबलावर चालतो, एवढ्या लांब वायरला लेचापेचा पडतो. ५ व्होल्ट ते पिन बाहेरून २.२ किलोओहम लाव. वायर मोटरच्या केबलपासून हातभर लांबून ने. जोडणी मेन स्विच पाडूनच.

विहीरवाला: आमच्याकडे लाइट गेली-आली की मोटर परत सुरूच होत नाही. ऑटो स्टार्टर कोणता घ्यावा?

जुना_वायरमन: तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा दादा. रिले_राजा, तुमचं अर्धं बरोबर होतं. ५० हर्ट्झचा एक फेरा २० मिलीसेकंदांचा. LOW सलग ५० मिलीसेकंद टिकला तरच बटण दाबलं असं धरायचं. नुसत्या `delay` ने ते होत नाही, मधेही वाचत राहावं लागतं.

शिवारातला_पोर: २.२ किलो लावला, ५० मिलीसेकंदांची अटही घातली. काल तीनदा मोटर चालवली, एकदाही आपोआप सुरू झाली नाही. काका, याच पद्धतीने विहिरीत फ्लोट स्विच टाकू का?

जुना_वायरमन: टाक, पण पाणी असेपर्यंत जोडलेला राहणारा संपर्क वापर. उंदराने वायर कुरतडली तर पिन HIGH होईल, तुझा प्रोग्राम पाणी संपलं असं समजून मोटर थांबवेल. उलटा जोडलास तर तुटलेली वायर म्हणजे ‘पाणी आहे’, आणि मोटर कोरडी फिरेल.

शिवारातला_पोर: कळलं. अजून एक, मोटर बंद होताना कधीकधी बोर्ड रीसेट होतो.

रिले_राजा: कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर आहे का? आणि बोर्डाला सप्लाय कुठून घेतलास?